आउटडोअर, नळी आणि उतार : प्रस्तावना

ही पुस्तिका उघडल्यावर पहिलंच प्रकरण ड्रेन पाइपचं दिसेल, तेव्हा वाचणाऱ्याला ते उलटं वाटेल. एसी बसवण्याच्या बहुतेक सूचना इनडोअर युनिट भिंतीवर कुठं लावायचं इथून सुरू होतात. मग आउटडोअरची जागा, मग दोघांना जोडणारी कॉपरची नळी, आणि ड्रेनचा विषय शेवटच्या चार ओळींत. प्रत्यक्ष कामही असंच होतं. घरमालक पलंग बघून इनडोअरची जागा दाखवतो, मेकॅनिक स्टँड कुठं बसेल ते बघून आउटडोअर ठेवतो, मधलं अंतर जेवढं पडेल तेवढी नळी कापतो आणि पाण्याचा पाइप जिथून जमेल तिथून काढतो. मीही कित्येक वर्षं असंच केलं. धरणगावातल्या एका घरानं मला हा क्रम उलटा करायला लावला. त्या घराची हकिगत नीट सांगितली की पुस्तिकेची मांडणी अशी का, ते वेगळं सांगावं लागणार नाही.

जुन्या गावातल्या बोळातलं ते घर, खाली एक मजला, वर एक. वरची झोपण्याची खोली बारा बाय बारा, डोक्यावर उघडा स्लॅब. मार्च महिन्यात दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवायचा होता. पलंगाच्या सोयीनं इनडोअर खोलीच्या आतल्या भिंतीवर लावला, म्हणजे ज्या भिंतीपलीकडे जिना आहे, बाहेरची हवा नाही. आउटडोअर गच्चीवर ठेवलं, पाण्याच्या टाकीशेजारच्या कोपऱ्यात. दोन बाजूंना तीन फुटी कठडा, मागे वीतभर अंतरावर काळी टाकी. नळी नऊ मीटर गेली. ड्रेन खोलीतल्या भिंतीवरून चार मीटर आडवा नेऊन दक्षिणेच्या भिंतीतून बाहेर काढला आणि वर पांढरी पीव्हीसी पट्टी बसवली. काम देखणं झालं होतं. मार्च संपेपर्यंत खोली छान गार होत होती.

मे उजाडला आणि पारा 44 वर गेला तशी तक्रार आली : सकाळी ठीक चालतो, दुपारी एक ते पाच नुसता वारा. मी दुसऱ्या कामांत होतो, म्हणून त्यांनी जवळच्या माणसाला बोलावलं. त्यानं क्लॅम्प मीटर लावला, करंट कमी दिसला, गॅस कमी आहे म्हणून गॅस भरला. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा गॅस. मी गेलो तेव्हा घरातल्या आजींनी आउटडोअरला ऊन लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी हिरवी शेडनेट बांधून घेतली होती. हेतू चांगला होता, पण त्यानं यंत्राचा श्वास आणखी कोंडला होता.

इथं जरा थांबून आउटडोअर करतं काय ते बघू. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण पाच किलोवॉट उष्णता उचलतो. त्यासाठी दीड किलोवॉटच्या आसपास वीज खातो आणि तिचीही उष्णताच होते. ही सगळी मिळून साडेसहा किलोवॉटच्या घरातली उष्णता आउटडोअरला बाहेरच्या हवेत सोडायची असते. ते मागच्या आणि बाजूच्या जाळीतून हवा ओढतं, पंख्यानं पुढून फेकतं आणि या प्रवासात हवा सुमारे दहा अंशांनी तापते. म्हणजे 43 अंशांची हवा आत गेली तर 53 ची बाहेर पडते. ती मोकळी निघून गेली तर काही बिघडत नाही. पण समोरच्या कठड्यावर आपटून, कोपऱ्यात वळून ती परत मागच्या जाळीत शिरली, की यंत्र स्वतःचीच वाफारलेली हवा पुन्हा ओढत राहतं. पुढच्या फेरीत ती आणखी तापते.

मी दोन थर्मामीटर घेतले. एक जिन्याखालच्या सावलीत ठेवला, दुसरा आउटडोअरच्या मागच्या जाळीला लावला, तोही असा की ऊन थेट पडू नये. दुपारी तीन वाजता सावलीत 43 आणि जाळीपाशी 51. गावाचं तापमान 43 होतं, पण त्या यंत्रासाठी ते 51 होतं. ही तपासणी कुणालाही करता येते, तिला गेज लागत नाही. दोन आकड्यांत दोन-तीन अंशांचा फरक असेल तर चालेल. पाचाच्या पुढं गेला तर दोष गॅसचा नाही, जागेचा आहे.

मग करंट कमी का दिसला? जुने, एकाच वेगानं चालणारे कॉम्प्रेसर अशा वेळी जास्त करंट ओढत आणि शेवटी ओव्हरलोडनं बंद पडत. इन्व्हर्टर यंत्र तसं करत नाही. कंडेन्सर फार तापला की ते स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसरचा वेग उतरवतं. वेग उतरला की करंट उतरतो, थंडावाही उतरतो. कमी करंट आणि कमी थंडावा एकत्र बघून मेकॅनिकला गॅस कमी असल्याची खात्री पटते. मग तो भरलेल्या यंत्रात आणखी गॅस घालतो, कंडेन्सरमधला दाब आणखी वाढतो, यंत्र आणखी मंदावतं. खानदेशात मेमध्ये भरला जाणारा पुष्कळसा गॅस असा विनाकारण भरला जातो, असं माझं मत आहे.

एसीवरच्या लेबलनं इथं फसू नये. एसीची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजतात. पाच तारे देणारं आपल्याकडचं गणित बाहेरचं तापमान 24 ते 43 अंश धरून केलेलं आहे, त्यापुढचे अंश त्यात नाहीत. धरणगाव, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात 43 च्या पुढच्या दुपारी नवलाच्या नसतात. यंत्र तिथंही चालतं, पण त्याच्याकडे शिल्लक फार थोडी उरलेली असते. चुकीच्या जागेमुळे वाढणारे सात-आठ अंश पुण्यात कदाचित खपून जातील, इथं खपत नाहीत.

आता उन्हाबद्दल. सगळे सांगतात, आउटडोअर उत्तरेला लावा. आपण साधारण 21 अक्षांशावर आहोत आणि इथला उन्हाळ्यातला सूर्य या सल्ल्याशी पुरता जुळत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या नेमका डोक्यावर येतो, तोच इथला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडेच कललेला असतो. मेच्या मध्यातही सकाळी उगवताना आणि संध्याकाळी मावळताना तो पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेला असतो. म्हणजे ज्या महिन्यांत एसी सगळ्यात जास्त राबतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ घासूनच जातं. एप्रिलमध्ये दुपारी ते थोडं पडतं, पण एक फुटाचा छज्जा खाली चार-पाच फूट सावली देतो. दक्षिणेला खरं ऊन लागतं ते थंडीत आणि तेव्हा यंत्र बंद असतं. म्हणून इथं उत्तर आणि छज्ज्याखालची दक्षिण या दोन्ही चांगल्या, पूर्व चालेल, पश्चिम टाळावी. पश्चिमेला दुपारच्या उन्हाबरोबर तिकडून येणारा वाराही पंख्याच्या तोंडावर आदळतो.

तरी ऊन हा दुय्यम मुद्दा आहे. यंत्राच्या पत्र्यावर पडणारी उन्हाची उष्णता फार तर काहीशे वॉट, आणि यंत्राला टाकायची आहे साडेसहा हजार वॉट. ऊन लागूनही मोकळं असलेलं आउटडोअर, सावलीत कोंडलेल्या आउटडोअरपेक्षा कधीही बरं. मागे एक फूट, पाइप जोडायच्या बाजूला हात आणि पाना फिरेल असे दोन फूट, डोक्यावर दोन फूट आणि पुढे किमान तीन-चार फूट मोकळं, एवढं मी पाहतो. यंत्राच्या माहितीपत्रकात याहून जास्त सांगितलं असेल तर ते मानावं. गच्चीवर ठेवायचंच असेल तर स्टँड एवढा उंच हवा की पंख्याचं तोंड कठड्याच्या वर येईल. नाहीतर कठड्यांच्या कोपऱ्यात गरम हवेचं डबकं साचतं आणि तापलेला स्लॅब त्यात भर घालतो. शेडनेट बांधायची तर मांडवासारखी वर, दोन-तीन फूट उंचीवर. भोवती गुंडाळायची नाही. बोळात समोरची भिंत तीन फुटांवर असेल, तर तिथं खालच्या मजल्याला आउटडोअर लावू नये. हवा परत येते आणि समोरच्या घरातल्या माणसांना दिवसभर गरम फुफाटा सोसावा लागतो.

चोरीच्या भीतीनं आउटडोअरला पिंजरा करतात, त्यालाही हरकत नाही, पण जाळीचे गज अंगठ्याएवढे विरळ हवेत. कापसाच्या गावात बारीक जाळीचा आणखी एक तोटा आहे. जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू हवेत असतात, ते आधी पिंजऱ्यावर आणि मग कंडेन्सरच्या पत्र्यांवर गोधडीसारखे बसतात. उन्हाळा लागण्याआधी ते काढावे लागतात. आधी मऊ ब्रशनं, उभ्या पत्र्यांच्या दिशेनं, मग पाण्यानं, तेही आतून बाहेर. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पत्रे वाकतात आणि तेवढा भाग कायमचा बंद होतो.

त्या घरात आउटडोअर दक्षिणेच्या भिंतीवर छज्ज्याखाली आणायचं ठरलं. समोर शेजाऱ्यांची एकमजली पत्र्याची खोली असल्यानं पंख्यापुढं मोकळं आकाश होतं. आता नळीचा प्रश्न आला.

नळीबद्दल गावोगाव दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणजे जेवढी आखूड तेवढी चांगली. हे तीन मीटरपर्यंतच खरं. त्याहून आखूड केली तर कॉम्प्रेसरची थरथर आणि गॅसचा आवाज थेट खोलीत येतो, म्हणून बहुतेक कंपन्या किमान तीन मीटर सांगतात. दुसरी म्हणजे लांबी वाढली तरी काही होत नाही. होतं. दीड टनी यंत्राला पंधरा मीटरपर्यंत नळी साधारणपणे चालते, पण कारखान्यातून भरून आलेला गॅस ठराविक लांबीपुरता असतो. या यंत्राच्या लेबलवर 820 ग्रॅम आर-32 गॅस आणि तो पाच मीटरपर्यंत, असं लिहिलं होतं. पाव इंची, म्हणजे दोन सुताच्या बारीक नळीत एका मीटरला साधारण 17 ग्रॅम द्रवगॅस मावतो. आमची नळी नऊ मीटर होती, म्हणजे चार मीटर जास्तीची, म्हणजे सुमारे 70 ग्रॅम वाढवून घालायला हवे होते. कंपनी दर मीटरला किती घालायचा ते आपल्या पत्रकात देते आणि तोच आकडा वापरावा. मी मार्चमध्ये ते वजन केलंच नव्हतं, ही माझी चूक. नंतर दोनदा भरलेला गॅसही गेज बघून भरलेला. यंत्रातला सगळा गॅस रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये काढून काट्यावर ठेवला, तो निघाला 1,080 ग्रॅम. नऊ मीटरला हवे होते 890.

इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर गेजवरचा आकडाही. भर दुपारी गेज बघून गॅस भरणं म्हणजे अंदाज. वजनकाटा हाच खरा. आर-32 हा मंद का होईना पण पेट घेणारा गॅस आहे, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. आत गॅस असताना नळीला ज्योत लावायची नाही आणि तो बंद खोलीत सोडायचा नाही.

नळी जोडण्याची पद्धत पुस्तिकेत सविस्तर आहे. इथं एकच सांगतो, कारण त्याचा त्रास वर्षभरानं दिसतो. नळी कापल्यावर आतली कड रीमरनं काढताना नळीचं तोंड खाली धरावं, म्हणजे कॉपरचा कीस आत पडत नाही. फ्लेअर झाल्यावर तो नखानं तपासावा, चीर किंवा कड लागली तर पुन्हा कापून नवा करावा. नट टॉर्क पान्यानं आवळावेत. मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवून, बंद करून, सुई जागेवर राहते का ते दहा मिनिटं बघावं. यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढायची जुनी सवय आता सोडायलाच हवी. तिनं नळीतली ओल जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात नटापाशी तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर गळती तिथंच आहे.

दोन्ही नळ्यांना वेगवेगळा फोम हवा. पुष्कळ यंत्रांत गॅस पसरवणारा भाग आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे बारीक नळीही थंड असते. दोन्ही एकाच फोममध्ये कोंबल्या तर जाड नळी उघडी राहते आणि पावसाळ्यात तिथून पाणी ठिबकतं. मग त्याला ड्रेनचा दोष समजतात.

आउटडोअर दक्षिणेला आलं, नळी सहा मीटरवर आली, गॅस वजन करून भरला. दुपारी जाळीपाशी 45, सावलीत 43. खोली गार झाली. मला वाटलं, काम संपलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. इनडोअरमधून गादीवर पाणी. यानं मला खरा धडा शिकवला, आणि याच कारणानं पहिलं प्रकरण पाण्याचं आहे. मार्चपासून जूनपर्यंत या ड्रेननं कसलीही तक्रार केली नव्हती, कारण त्यातून पाणी जवळजवळ वाहिलंच नव्हतं. मेमधल्या दुपारी आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की तिच्यातली वाफ दव होऊन बसायला ती दहा-अकरा अंशांपर्यंत गार व्हावी लागते. इनडोअरची कॉइल त्याच्याच आसपास असते, त्यामुळे काही थेंब जमतात, एवढंच. पाऊस सुरू झाला की हीच हवा तेवीस-चोवीस अंशांनाच दव सोडते. मग तोच एसी तासाला लिटर-दोन लिटर पाणी काढतो. कोकणात किंवा मुंबईत ड्रेनचा दोष बसवल्या दिवशीच कळेल. खानदेशात उन्हाळ्यात बसवलेल्या एसीचा ड्रेन तीन-चार महिने तपासलाच जात नाही.

दोष होता त्या चार मीटर आडव्या पाइपात. पाइपाला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा, दोन असेल तर उत्तम. म्हणजे चार मीटरला चार ते आठ सेंटिमीटर. घरमालकांना पांढरी पट्टी छताला समांतर हवी होती. तिरकी पट्टी डोळ्याला खुपते, हे मलाही पटलं आणि मी जेमतेम एक सेंटिमीटर दिला. त्यात पाइप रिंगांचा, लवचीक. दोन क्लॅम्पच्या मधे तो झोळ्यासारखा लोंबला. प्रत्येक झोळात पाणी साचलं, दोन झोळांच्या मधे हवा अडकली, आणि ड्रेनच्या पाण्यामागे जोर नसतो, ते फक्त उतारानं चालतं. त्याला ती हवा ढकलता येईना. उन्हाळ्यात त्याच झोळांत कॉइलवरची धूळ गाळासारखी बसली होती. आणि पाइपाच्या बाहेरच्या टोकात, ते चार महिने कोरडं असल्यानं, कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

उतार वाढवायला जागा नव्हती. इनडोअर आधीच छताजवळ होतं आणि दक्षिणेच्या भिंतीत खिडकीची पट्टी आडवी येत होती. शेवटी इनडोअरच दक्षिणेच्या भिंतीवर आणलं, आउटडोअरच्या पाठीला पाठ लावून, पण एका बाजूला सरकवून, म्हणजे नळी तीन मीटरच्या खाली जाणार नाही. ती साडेतीन झाली. ड्रेन भिंतीतून थेट बाहेर. पलंग मात्र फिरवावा लागला. घरातल्या आजी म्हणाल्या, "भाऊ, हे मार्चमध्येच सांगितलं असतं तर पलंग तेव्हाच फिरवला असता." त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी घरात गेल्यावर आधी पाणी कुठून उतरेल ते बघतो. त्या भिंतीच्या बाहेर आउटडोअरला मोकळी हवा मिळते का, ते दुसरं. दोन्ही जमलं की नळीची लांबी आपोआप ठरते. पलंगाचं बोलणं त्यानंतर.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. नऊ इंची विटेच्या भिंतीला अर्धा सेंटिमीटर पुरतो. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांत भिंत दीड-दोन फुटांची, पांढऱ्या मातीची असते, तिथं एक सेंटिमीटर तरी द्यावा आणि भोकात आरपार पीव्हीसी पाइपचा तुकडा घालावा. नाहीतर फोमवरचं दव आणि पावसाचं पाणी मातीत मुरतं आणि बाहेरून काही दिसत नाही, आतून मात्र भिंत ढासळत जाते. अशा भिंतीवर आउटडोअर टांगू नये. तिथं ते जमिनीवर, ओट्यावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवावं. भोकात जुडगा घालताना ड्रेन सगळ्यात खाली, नळ्या वर. इनडोअर पाणसळीनं सरळ लावावं, फार तर ड्रेनच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर उतार. ट्रेला स्वतःचा उतार असतोच. आडवा पाइप लागलाच तर तो कडक पीव्हीसीचा, दर दोन फुटांवर क्लॅम्प, खोलीतल्या भागावर फोम. टोक हवेत मोकळं. बादलीतल्या पाण्यात बुडवलं की ते अडतं, गटारात सोडलं की वास खोलीत येतो. टोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, माशीसाठी. या पाण्यानं फरशी पुसावी, झाडांना घालावं, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नये. ते पावसासारखं स्वच्छ दिसलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण धुऊन आलेलं असतं.

शेवटची तपासणी अशी. यंत्र बंद करून, पुढचं झाकण आणि फिल्टर काढून, एक लिटरची बाटली कॉइलच्या वरच्या टोकापाशी सावकाश रिती करावी, पाच मिनिटं घेऊन. एक माणूस बाहेर पाइपाच्या टोकाशी भांडं धरून उभा. पाणी थांबून थांबून, गुळगुळ करत आलं तर वाटेत झोळ आहे. अखंड धार आली आणि भांड्यात पेलाभर सोडून बाकी सगळं पाणी उतरलं, तर ड्रेन चांगला. हे एप्रिलच्या कोरड्या दुपारीही करता येतं आणि ते केल्याशिवाय मी आता हत्यारांची पेटी बंद करत नाही.